भिंतीवरचा पिवळा डाग

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात, देवघराशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर तळहाताएवढा फिकट पिवळा डाग आहे. तो मी झाकणार नाही. का, ते सांगायचं तर आधी माझी एक चूक कबूल करावी लागेल.

वडील गेले त्या दिवशी काकूनं आईचं कुंकू पुसलं. पुसायला ओला फडका मागितला, तो मी भिजवून, पिळून तिच्या हातात दिला. मी तेव्हा तिशी ओलांडलेला, नोकरीवाला माणूस होतो. "कशाला?" एवढं तरी विचारता आलं असतं. विचारलं नाही. त्यानंतर आई कुणालाही कुंकू लावायला पुढं आली नाही. हळदीकुंकवाला ती स्वयंपाकघरात बसायची आणि मी ते बघत राहायचो.

यंदा मुलीचा साखरपुडा ठरला. त्यासाठी भिंतीला नवा पांढरा रंग दिला. मुलगी आधीच सांगून बसली होती, "पहिला टिळा आज्जीच्या हातचा." आदल्या दिवशी सकाळी आईनं सहाणेवर चंदन उगाळलं, वाटीत गंध काढलं, ती वाटी आणि हळदीचं कुंकू ताटात ठेवलं आणि नातीला समोर बसवून, टिळा कसा दिसतो ते बघायला बोट पुढं केलं. मदतीला आलेल्या काकूनं तिचं मनगट धरलं.

"जाऊबाई, हे बरं न्हाय. पोरीचं शुभकार्य हाय."

"पोर माझ्या मांडीवर मोठी झालीय की," आई म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

त्या हिसक्यात ताट उडालं. गंध आणि कुंकू आईच्या पांढऱ्या सुती साडीवर आणि मागच्या भिंतीवर सांडलं.

"बघा, देवालाच मान्य न्हाय," काकू म्हणाली. "टिळ्याचं मी बघते उद्या."

आईनं पडलेलं ताट उचलून बाजूला ठेवलं. ती आता पुन्हा स्वयंपाकघरात जाऊन बसणार, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मी गडबडीनं फडका भिजवला आणि भिंत घासायला लागलो. कुंकू पुसलं जाईना, वीतभर लाल फराटा उठला. साबण लावला तर आणखी लाल झालं.

"आरं, घासतोस काय भांड्यागत," आई म्हणाली. "पाणी लावू नगंस. ओल्या फडक्यानं डाग जात न्हाय, आत शिरतोय."

माझा हात थांबला. ती भिंतीबद्दलच बोलत होती. तरी मला फडका खाली ठेवावा लागला.

मग तिनं सांगितलं तसं केलं. तिनं साडी बदलली. गंध पूर्ण वाळू दिलं. वाळल्यावर त्याची खपली चमच्याच्या पाठीनं उचलली, साडी उलटी धरून झटकली. कोरडं कुंकू मऊ ब्रशनं झाडलं. चंदनाचा तेलकटपणा राहिला होता, त्यावर बेसन भुरभुरलं, तासाभरानं झाडलं आणि तेवढीच जागा साबणानं, थंड पाण्यात, हलक्या हातानं धुतली. कुंकवाचे ठिपके लाल राहिले. त्यांवर लिंबू पिळलं तर ते पिवळे झाले.

"हळदीचं हाय, म्हणून पिवळं पडलं," आई म्हणाली. "आता ऊन खाईल त्याला."

लिंबू साध्या पाण्यानं काढून साडी गच्चीवर कडक उन्हात टाकली. दुपार कलेपर्यंत डाग शोधावा लागत होता.

भिंतीलाही तेच केलं. गंधाची खपली निघाली, उरलेलं जेमतेम ओल्या स्पंजानं टिपलं. फराट्यावर लिंबाचा बोळा नुसता दाबत राहिलो. लाल गेला, पिवळा राहिला. देवघराच्या कोपऱ्यात ऊन येत नाही. आणखी घासलं असतं तर नवा रंगच निघाला असता.

"कॅलेंडर लाव तिथं," काकू म्हणाली. "पावणं काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत," मी म्हणालो. "आणि काकू, उद्या टिळा आईच लावणार. त्या दिवशी फडका मी दिलावता तुला. आता देणार न्हाय."

"लई शाना झालास."

"उशीर झाला, तेवढं खरं."

आई साडीची घडी घालत होती. तिनं मान वर केली नाही. "ताट तू धरशील काय?" एवढंच विचारलं.

"व्हय."

दुसऱ्या दिवशी तीच साडी नेसून आईनं नातीला टिळा लावला, मग होणाऱ्या नातजावयाला. कागलहून आलेल्या पाहुण्यांपैकी दोघीतिघींनी एकमेकींकडं पाहिलं. मी ताट धरून त्यांच्याकडंच बघत उभा होतो, त्यांनी नजर काढून घेईपर्यंत. शेवटी आईनं बोट माझ्या कपाळाला लावलं. बोटावरचं थोडं गंध माझ्या सदऱ्यावर सांडलं.

ते मी पुसलं नाही. वाळू दिलं.