नंतरचं बोलणं धरू नये

हे मी लिहावं की नाही, याची मला अजून खात्री नाही, म्हणून आधीच माफी मागतो. मी डॉक्टर नाही, वकील नाही, त्या घरातलाही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मोठ्या विषयांवर लिहिताना हात अडखळतो. पण त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. ती सही केली तेव्हा जे कळलं नव्हतं, ते कुठेतरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

काका पिपलानीत, कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचे. माझे बाबा कारखान्यात फिटर आणि काका तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात. दहावीपासून त्यांनी मला गणित शिकवलं. एखादं उत्तर चुकलं की म्हणायचे, "इंजिनियरसाहेब, हा पूल पडला बरं का." निवृत्त झाल्यावर ते आणि काकू बाग सेवनियात स्वतःच्या घरात राहायला गेले. रविवारी मी सिटी बसने तिकडे जायचो; इंदूरला कॉलेजात गेल्यावरही दर रविवारी घरी येऊन जायचोच.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना त्यांना स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. नुकतीच सुरुवात होती, त्यांना सगळं समजत होतं. त्यांचे मोठे भाऊ याच आजारात आठ महिने अंथरुणाला खिळून होते. नाकात नळी होती आणि ती ओढून काढू नये म्हणून हात पलंगाला बांधलेले. काका ते पाहून आले होते. निदान झालं त्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतलं आणि समोर कागद ठेवला.

त्यात लिहिलं होतं, आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत राहिलो नाही आणि आजार बरा होण्याची आशा नसेल, तर नाकातून नळी नको, व्हेंटिलेटर नको, अतिदक्षता विभाग नको. वेदना कमी करणारी औषधं मात्र द्यावीत. आपल्या वतीने संमती देण्यासाठी काकूंचं आणि नागपूरच्या ताईचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं, नाव घातलं होतं. शेवटचं कलम फक्त त्यांनाच सुचलं असतं. ड्रॉइंग ऑफिसात मंजूर नकाशात कुणी तोंडी बदल सांगितला तर तो धरत नसत. नवी आवृत्ती काढायची, तिच्यावर सही व्हायची, मगच जुनी रद्द. काकांनी लिहिलं होतं, 'माझी बुद्धी गेल्यानंतरचं माझं बोलणं हा या कागदातला बदल मानू नये.'

"आणि तेव्हा तुमचं मत खरंच बदललं तर?" मी भीत भीत विचारलं.

"तेव्हा मत देणारा मी नसेन रे."

काकू आतून म्हणाल्या, "मग कोण असेल? शेजारचा?"

डॉक्टरांकडून काकांची समज शाबूत असल्याचा दाखला घेतला. नोटरीसमोर त्यांनी सही केली, मी आणि त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने साक्षीदार म्हणून केली. एक प्रत घरच्या डॉक्टरांना दिली. दुसरी महापालिकेत द्यायची होती, कारण असे कागद सांभाळणारा अधिकारी तिथे असायला हवा. तिथल्या बाबूने कागद उलटापालटा केला आणि म्हणाला, "भाईसाहब, ये तो मरने के बाद वाला काउंटर है." काका म्हणाले, "हम थोड़ा पहले आ गए." चार टेबलं फिरल्यावर आवक शिक्का मिळाला. बाहेर आल्यावर काका खुशीत होते. बिट्टन मार्केटला उतरून त्यांनी मला आग्रहाने श्रीखंड घ्यायला लावलं.

पुढच्या दोन वर्षांत, मधल्या पक्षाघाताच्या एका झटक्यानंतर तर फारच झपाट्याने, काका बदलले. आधी रागावले, घाबरले, घरभर कुलपं शोधत फिरले. मग सगळं निवळलं. मला ते 'भैया' म्हणू लागले. काकूंना 'बाई, तुम्ही' म्हणू लागले. आयुष्यभर 'अगं' म्हणणारा माणूस. पहिल्यांदा तसं म्हणाले तेव्हा काकू स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. पण काका सुखात होते, याबद्दल मला खोटं लिहिता येणार नाही. पूर्वी गोड न खाणारे काका श्रीखंडाची वाटी चाटून पुसून संपवायचे. कुत्र्याच्या पिल्लाकडे बघून हसायचे.

एका रविवारी थंडीत आम्ही व्हरांड्यात उन्हात बसलो होतो. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "इथे छान आहे. मला इथेच राहायचंय. मला कुठे पाठवू नका." मी बरं म्हणालो. कुणाला सांगितलं नाही.

यंदा दुसरा झटका आला. गिळणं गेलं, घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला. रुग्णालयात डॉक्टरांनी नळीचा विषय काढला आणि ताईने कागद पुढे केला. डॉक्टरांनी महापालिकेकडून तो खरा असल्याची खात्री केली. मग उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ असं पहिलं मंडळ बसलं. गिळणं परत येण्याची आशा नाही, आजार पुढेच जाणार. नळीने काही काळ मिळेल, पण न्यूमोनिया टळेलच असं नाही, आणि काका नळी ओढतील, असं त्यांनी समजावलं. मंडळाचं मत कागदाप्रमाणे झालं. पण काकू आणि ताई दोघींची लेखी संमती हवी होती.

ताईने सही केली. काकूंनी पेन हातात घेतलं नाही.

"ज्याने सही केली तो मला ओळखत होता," त्या म्हणाल्या. "हा ओळखत नाही. पण हा हसतो गं. त्याच्या शब्दासाठी ह्याला उपाशी ठेवू?"

"आई, ते बाबाच आहेत. त्यांनी हेच ओळखून लिहिलं होतं."

"तुला नागपुरातून दिसतं सगळं."

मग काकू माझ्याकडे वळल्या. "तू दर रविवारी असायचास त्याच्याजवळ. कधी काही म्हणाला का? राहायचंय, असं काही?"

मला व्हरांडा आठवला. तेवढं सांगितलं असतं तर काकूंनी सही केली नसती, हे मला ठाऊक होतं. आणि भावाच्या पलंगाला बांधलेले हातही आठवले, ज्यांच्यामुळे काकांनी ते कलम लिहिलं होतं. मी म्हणालो, "काका म्हणाले होते, नंतरचं बोलणं धरू नये."

हे खरं होतं. पण त्यांनी विचारलं होतं ते हे नव्हतं.

काकूंनी सही केली. मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ असं दुसरं मंडळ आलं, त्यांनीही पाहून होकार दिला. रुग्णालयाने मॅजिस्ट्रेटना कळवलं. नळी घातली नाही. काकांना घरी आणलं, वेदनेचं औषध सुरू ठेवलं. जिभेला चव लागेल इतकंच, चमच्याच्या टोकाने भरवायला डॉक्टरांनी परवानगी दिली.

माझी परीक्षा होती, म्हणून मला इंदूरला परतावं लागलं. अभ्यास झाला नाही. शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तेव्हा ताईचा फोन आला.

"बाबा आज सकाळी गेले," ती म्हणाली. "त्रास झाला नाही. काल आईने चमच्याला श्रीखंड लावून ओठांशी नेलं, तर त्यांनी तिचा हात तिच्याच तोंडाकडे वळवला. 'बाई, तुम्ही घ्या ना,' म्हणाले. तेवढंच. आई तेव्हापासून विचारते आहे, तू कधी येणार. हे बोलणं तरी धरायचं का, ते तुला विचारायचंय म्हणते."