भिंगरीची दोन वयं

भिंगरीचा मामा न्हावी होता आणि हाताने जेवढा चपळ, तेवढाच तोंडाने. गिऱ्हाइकाच्या गालावर साबण लागला की मामाचं बोलणं सुरू व्हायचं, आणि ते ऐकून घेण्याशिवाय गिऱ्हाइकाला गत्यंतर नसायचं. सलूनला एक जुना आरसा, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात एक छोटी चटई. चटईवर दुपारभर भिंगरी असायची. तिची आई, म्हणजे मामाची धाकटी बहीण, इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला होती. वडील बोटीवर, सहा-सहा महिने बाहेर. मामाचं लग्न राहूनच गेलेलं. त्यामुळे भिंगरीचा सगळा कारभार दुपारी एकपासून संध्याकाळी सहापर्यंत मामाकडे.

भिंगरी उशिरा बसली, उशिरा चालली आणि बोलायला तर तिने फारच उशीर केला. ती चार वर्षं चार महिन्यांची असताना थेरपिस्टबाईंनी तिची पहिली तपासणी केली. बाईंनी कागदावर रकाने पाडले होते: चालणं-धावणं, हातांची कामं, समज, बोलणं, आणि स्वतःचं स्वतः करणं. प्रत्येक रकान्यासमोर वेगळं वय.

"ही सगळी अंदाजाची वयं आहेत," बाई म्हणाल्या. "बोलण्यात ती साधारण सव्वादोन वर्षांच्या मुलांसारखी आहे. स्वतःचं आवरण्यात तीन वर्षांच्या मुलांसारखी. धावण्यात त्याहून पुढे."

मामाने यातला नेमका एक आकडा उचलला. सव्वादोन. बाकीचे त्याच्या कानावरून गेले.

त्या दिवसापासून मामाने भाचीला सव्वादोनची करून टाकली. घास भरवायचा तो मामा, बूट घालायचा तो मामा, नाक पुसायचा तो मामा. रस्त्याने चालताना दहा पावलं झाली की कडेवर. भिंगरी अंगापिंडाने चांगली उंच, तिचे पाय मामाच्या गुडघ्यांवर आपटायचे. गिऱ्हाइकाने विचारलं, "केवढी आहे हो?" की मामा बिनधास्त सांगायचा, "सव्वादोन." गिऱ्हाईक आरशातून एकदा पोरीकडे आणि एकदा मामाकडे बघायचं आणि मानेवर वस्तरा असल्यामुळे गप्प बसायचं.

हे सगळं मामा प्रेमापोटीच करत होता यात शंका नाही. आणि खरं सांगायचं तर त्याला ते फार आवडतही होतं.

सहा महिन्यांनी दुसरी तपासणी झाली. या वेळी मामालाही बोलावलं होतं. भिंगरीने ठोकळे रचले, चित्रं ओळखली, एका पायावर उभी राहिली. बाईंनी कागद पुढे केला. मामाने बोटांवर हिशेब मांडला आणि त्याचा चेहरा पडला.

"तेव्हा ती बावन्न महिन्यांची होती आणि बोलणं सत्तावीसचं. म्हणजे पंचवीस महिने मागे. आता ती अठ्ठावन्नची, बोलणं बत्तीसचं. सव्वीस महिने मागे." त्याने बहिणीकडे बघितलं. "सहा महिने दर आठवड्याला इथे येऊन पोरगी मागेच गेली की गं."

बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थांबा, थांबा," बाई म्हणाल्या. "नुसतं अंतर बघू नका. पहिल्या बावन्न महिन्यांत ती सत्तावीस महिन्यांचं बोलणं शिकली. म्हणजे महिन्याला जेमतेम पंधरा-सोळा दिवसांचं. या सहा महिन्यांत पाच महिन्यांचं शिकली. महिन्याला पंचवीस दिवसांचं. जन्मतारखेचं वय काही थांबून राहत नाही, ते पुढे जातंच. म्हणून अंतर महिनाभर वाढलेलं दिसतं. पण पोरीचा वेग वाढलाय. आकडे अंदाजाचे असले तरी एवढं नक्की म्हणता येईल."

बहिणीने पदराने डोळे टिपले आणि ती हसली. मामाही सैलावला. पण बाईंनी बोट शेवटच्या रकान्यावर ठेवलं.

"इथे मात्र काहीच हललं नाही. स्वतःचं आवरणं तेव्हाही तीन वर्षांचं, आताही तीनचंच. दुपारी बूट कोण घालतं हिला?"

"मी," मामा म्हणाला.

"जेवण?"

"मीच. अहो, सव्वादोन वर्षांच्या पोरीने स्वतः जेवायचं म्हणजे..."

"मामा, ती सव्वादोनची कधीच नव्हती," बाई शांतपणे म्हणाल्या. "तिचं बोलणं तेवढं होतं. कोणता खेळ कुठून सुरू करायचा, हे मला विकासाच्या वयावरून कळतं. पण ती आहे जवळपास पाच वर्षांची. तिने बसायचं पाच वर्षांच्या मुलांत, आणि तिला मानही त्या वयाचाच द्यायचा."

शाळेचा प्रश्न त्यावरच अडला होता. बालवाडीच्या बाई भिंगरीला तिच्या वयाच्या मुलांच्या वर्गात घ्यायला तयार होत्या, मदतनीसही मिळणार होती. मात्र तीन महिन्यांनी वर्ग भरेल तेव्हा बूट काढणं-घालणं, डबा खाणं आणि शू लागल्याचं सांगणं एवढं तिला जमायला हवं होतं. नाहीतर धाकट्या मुलांच्या वर्गात.

मामा घरी गेला तो तोंडाला कुलूप लावून. तो गप्प बसला की घरात काहीतरी बिघडलंय असं वाटायचं. रात्री जेवताना तो बहिणीला म्हणाला, "माझ्यामुळे पोरीचे सहा महिने गेले."

"दादा, मग आता 'माझ्यामुळे काय चांगलं होतंय ते बघ' असं म्हण," बहीण म्हणाली. "आणि भात वाढून घे."

थेरपिस्टबाईंनी युक्ती शिकवली होती. कामाचा शेवटचा टप्पा आधी तिच्याकडे सोपवायचा. मामा मोजा टाचेवर चढवायचा, वर ओढायचा तो भिंगरीने. ते जमलं की टाचेपासून. मग बोटांपासून. बुटाचा चिकटपट्टा आधी नुसता दाबायचा, मग ओढून दाबायचा.

सात मिनिटांत दाढी उरकणारा माणूस एका बुटासाठी बारा मिनिटं बसू लागला. हात शिवशिवायचे. मग तो ते पाठीमागे बांधून ठेवायचा, कधी स्वतःच्या मांडीखाली दाबायचा. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या साबणाने ओरडायचं, "अहो, वाळला." मामा म्हणायचा, "वाळू दे. दुसरा लावतो." डब्यातलं निम्मं जेवण चटईवर सांडायचं, मग चौथाई, मग चार शितं. आणि एक दिवस दाढीच्या ऐन मध्यात भिंगरीने "मामा, शू" म्हटल्यावर मामा गिऱ्हाइकाला तसंच टाकून पळाला आणि परत आल्यावर त्याची दाढी फुकट करून दिली.

वर्ग भरण्याच्या दिवशी बहिणीची इस्पितळात सकाळची ड्यूटी होती, म्हणून मामाच गेला. दाराशी मुलांची गर्दी. बालवाडीच्या बाईंनी नाव लिहिता लिहिता विचारलं, "वय?"

"पाच वर्षं एक महिना," मामा म्हणाला. मग जरा दम घेऊन, "बोलायला थोडी मागे आहे. पण वेग चांगलाय."

भिंगरी पायरीवर बसली. एक पट्टा निघाला. दुसरा अडकला. मागे मुलं खोळंबली, कुणीतरी ढकललं, आणि मामाचे हात त्याला न विचारताच पुढे गेले. भिंगरीने ते दोन्ही हातांनी बाजूला सारले.

"मामा, हात नको."

मामा मागे सरला. तिने पट्टा दोनदा ओढला, तिसऱ्यांदा निघाला. बूट तिने ओळीत ठेवले, एक पालथा. मामा तो सरळ करायला वाकला, तशा बाई म्हणाल्या, "राहू द्या. तिने ठेवलाय."

आत मुलं गोल करून बसत होती. भिंगरीने दारातून ते बघितलं आणि मग वळून मामाकडे.

"मामा, जा," ती म्हणाली आणि आत गेली.

मामाला आनंद इतका झाला की रडू आवरेना, आणि मनाला लागलंही तेवढंच. त्याने बाहीने डोळे पुसले, आणि तिने सांगितलं होतं म्हणून गेला.