दिसनात का त्याले?

जळगावच्या ज्या फोटो स्टुडिओत मी बसते, तिथे माझं काम एकच: लोकांचे केस सांभाळणं. फोटो मालक काढतात. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. चेहरा देवाने दिलेला असतो. मागचा पडदा बदलायचा, पांढरे केस काळे करायचे, उडालेल्या बटा बसवायच्या, हे माझ्या गळ्यात. माहेर धुळ्याचं आहे, त्यामुळे तोंडही तिखट आहे. भाऊंनी ते पगारात धरलंय.

पूर्वी मी केस हाताने कापायचे. म्हणजे फोटोवर एक मास्क चढवायचा: पांढरा ब्रश फिरेल तिथलं दिसतं, काळा फिरेल तिथलं झाकलं जातं. एकेका बटेभोवती ब्रश फिरवत अर्धा दिवस जायचा. मग भाऊंनी नवीन सॉफ्टवेअर आणलं. एक बटण दाबलं की एआय स्वतः माणूस निवडतं, केस निवडतं. भाऊ खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "बघा ताई, एका क्लिकात." मी म्हटलं, "बघते ना. मला तेवढंच काम उरलंय."

खरं सांगायचं तर मशीन वाईट नव्हतं. मोकळे काळेभोर केस, मागे फिका पडदा, असं असलं की ते माझ्यापेक्षा छान कापायचं, हे कबूल करताना माझ्या जिवावर यायचं. पण एका नवरीचे केस जरा गडद करायला सांगितले, तर त्याने केसांबरोबर गजराही धरला आणि काळा करून टाकला. वेणी गडद ब्लाउजवर आली होती. तिथे वेणी कुठे संपते हे त्याला कळेना, म्हणून त्याने अर्धी वेणी सोडूनच दिली. मी दिवसभर सगळ्यांना तो काळा गजरा दाखवत सुटले. दुसऱ्याची फजिती बघण्यात एक वेगळंच सुख असतं.

ते सुख आठवडाभर टिकलं. चाळीसगावच्या एका आबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आला. आबांचे केस विरळ, भुरभुरीत, पांढरे. मागे ढगाळ आभाळ, तेही पांढरं. मशीनने अर्धे केस आभाळाला देऊन टाकले. मग मी बाह्या सरसावल्या, हाताने मास्क केला आणि कडा एकदम स्वच्छ काढली. स्क्रीनवर झकास दिसत होतं. चौकात दहा फुटी फ्लेक्स लागला आणि आबांच्या मुलाचा फोन आला, "ताई, आमच्या आबांना हेल्मेट कशाला घातलं?"

भाऊ हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. माणसाच्या केसांना अशी कडा नसतेच, हे मला इतक्या वर्षांनी एका फ्लेक्सने शिकवलं. मी चिडून ठरवलं, आता हाताने काही करायचं नाही. जे होईल ते मशीनच्या नावावर.

त्याच दिवसांत धरणगावकडची एक बाई आपल्या नणंदेबरोबर आली. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. अंगणवाडीत सेविका होती. कॅन्सरच्या उपचारासाठी मोठी रजा झाली होती, आता परत कामावर जायचं तर ओळखपत्राला नवा फोटो हवा होता. नणंद माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "कॉम्प्युटरवर लांब केस लावता येतात ना? लावून टाका." बाईला ऐकू गेलं. तिने ओढणी सोडली आणि म्हणाली, "नही. मना जितला शेतस तितलाच राहू द्या."

डोक्यावर बोटाच्या पेराएवढीही नसलेली मऊ लव होती. नव्याने उगवलेली, पिंगट. फोटो काढताना तिने दोनदा तळहाताने ती सारखी केली. सारखी करण्यासारखं काही नव्हतं.

पांढरा पडदा भाऊंनी एका साखरपुड्याला नेला होता, म्हणून निळ्यासमोर फोटो काढला. पडदा बदलायचं काम माझ्याकडे आलं. लग्नसराई होती, पुढे अकरा कामं होती, डोक्यात फ्लेक्सचा राग होता. मी बटण दाबलं, निळं गेलं, पांढरं आलं. चेहरा नितळ करायचं दुसरं बटण आम्ही सगळ्यांनाच लावतो, तेही दाबलं. मोठं करून बघितलंसुद्धा नाही. प्रिंट काढून पाकिटात घालून दिली.

तिने काउंटरवरच पाकीट उघडलं. मग फोटो माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "ताई, तीन महिनामां इतलाच उनात. त्या बी तुम्ही काढी टाकात?"

फोटोत तिचं डोकं गुळगुळीत होतं. कडेची लव मशीनने पडद्यातच धरली आणि पडद्याबरोबर कापली. डोक्यावरची लव त्याला कातडीच वाटली, आणि कातडी नितळ करायचा हुकूम तर मीच दिला होता. मला इतकी लाज वाटली की तोंडातून शब्द फुटेना. माझ्या तोंडातून शब्द न फुटणं ही स्टुडिओतली बातमी होती. भाऊ आतून बघायला आले.

"बसा अक्का," मी म्हटलं. "चहा घ्या. मशीनला तुमचे केस दिसले नाहीत, आणि मीही बघितलं नाही. मला वेळ लागेल."

खांदे, साडी, कान यांचं मशीनने केलेलं तसंच राहू दिलं. तिथे ते चुकत नाही. डोकं मात्र मूळ फोटोतून परत घेतलं. निळ्या पडद्याचा एक फायदा असतो: फोटोतल्या रंगांपैकी फक्त निळा वेगळा काढून काळा-पांढरा करून बघितला की पडदा उजळ दिसतो आणि केस गडद. तो फरक वाढवत नेला आणि त्याचाच मास्क केला. जिथे लव फारच बारीक होती तिथे मऊ, फिका ब्रश घेऊन हाताने सोडवली. कडा कुठेच स्वच्छ केली नाही. टोकांवर उरलेली निळी झाक तेवढी उतरवली. भाऊ दोनदा घड्याळ बघून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा चहा घेऊन आले.

नवा फोटो बघून तिने एक हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट फोटोतल्या डोक्यावरून फिरवलं. म्हणाली, "हां. आते हाई मीच शे." नणंद भिंतीकडे बघत होती.

दिवाळीनंतर ती परत आली, एकटीच. केस कानावर आले होते, दाट, थोडे कुरळे. पूर्वी सरळ होते म्हणे. "कार्डवरला नको बदलू," म्हणाली, "हाऊ मनासाठे." पांढरा पडदा पुन्हा कुठल्यातरी लग्नाला गेला होता. निळ्यासमोरच फोटो काढला.

ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मी ब्रश हातात घेतला, मग ठेवला, आणि आधी बटण दाबून बघितलं. मग चारपट मोठं करून, डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत एकेक बट तपासत गेले. चूक सापडावी म्हणून शोधत होते. सवयच तशी आहे. एकही बट सुटली नव्हती.

मागून तिने हळूच विचारलं, "या येळे दिसनात का त्याले?"

"दिसले अक्का," मी म्हटलं. "सगळे दिसले." आणि डोळे पुसायच्या आधी फोटो सेव्ह केला.