चौथ्या दिवसाची दुपार

आमच्या घरात बाईला पाळी आली की चार दिवस बाजूला बसायचं. स्वयंपाकघर नाही, देव नाही, नवरा नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायचं. मी बसले, माझ्या सासूनं बसवलं, मी सुनेला बसवलं. गिरीज गावात वाडीतलं घर आमचं, चारचौघींत हाच रिवाज. मी कडकच होते, लपवून काय उपयोग?

मुलगा बोटीवर असतो. एका बोटीवरून उतरून दुसरीवर चढायच्या मधे त्याला चार रात्री घरी मिळाल्या, आणि तो आला त्याच दिवशी सून बाजूला बसली. मला वाईटच वाटलं. तिचं अंथरूण माझ्या खोलीत घातलं. पाचव्या दिवशी सकाळी तो गेला, मग ही न्हायली.

पुढे तिची पाळी चुकली. दुसऱ्या महिन्यात उलट्या सुरू झाल्या आणि घरच्या तपासणीत दिवस गेल्याचं निघालं. तिनं मला हसत सांगितलं. मी मनात दिवस मोजले. चारही दिवस ही माझ्या डोळ्यांसमोर बाजूला होती, मग मूल कोणाचं?

मी तिला तसंच विचारलं. तोंडावर. तिचं हसू तिथंच मावळलं. मान खाली घालून तिनं सांगितलं, की चौथ्या दिवशी दुपारी तुम्ही हळदीला गेला होतात तेव्हा आम्ही दोघं एकत्र होतो. रिवाज मोडला, चुकलं. पण मूल त्यांचंच आहे.

मी म्हटलं, मला शिकवू नकोस. पाळीत कधी दिवस जातात का? अगं, एवढं तर शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. रिवाज मोडल्याचाही राग होता, पण खरं सांगते, ती खोटं बोलतेय याचीच मला खात्री होती. रविवारी मुलाचा फोन येणार होता आणि त्याला सगळं सांगायचं मी ठरवूनच टाकलं होतं. तीन दिवस तिच्याशी बोलले नाही. ती माझं ताट वाढायची आणि भिंतीकडे बघत जेवायची.

शनिवारी ती म्हणाली, बोळिंजच्या डॉक्टरणीकडे चला, मला नाही तर त्यांना विचारा. गेलो. सोनोग्राफी झाल्यावर हिनंच डॉक्टरणीला सांगितलं, की आईंना आत बोलवा आणि सगळं समजावून सांगा.

डॉक्टरणीनं आधी पाळी किती दिवसांनी येते ते विचारलं. सून बोलायच्या आत मीच म्हटलं, बावीस-तेवीस दिवसांत हजर, महिना कधी भरतच नाही हिचा. याच्यावरून मी तिला किती बोलायचे! काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

डॉक्टरणीनं कागदावर बावीस खुणा केल्या. बीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं, म्हणाली. महिन्यानं पाळी येणारीचं दोन आठवड्यांनी, पण हिचं आठव्या-नवव्या दिवशीच सुटत असणार. ते स्वतः जेमतेम दिवसभर टिकतं, पण पुरुषाचे शुक्राणू बाईच्या पोटात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. चौथ्या दिवशीचे आठव्या दिवशी वाट बघत असतील तर त्यात नवल काय? रक्त जातंय म्हणून काही दार बंद होत नाही. महिन्यानं पाळी येणारीला शक्यता फार कमी, पण अगदीच नाही असं नाही, कारण एखाद्या महिन्यात कुणाचंही बीज लवकर सुटू शकतं.

मग सोनोग्राफीचा कागद दाखवला. पाळीपासून मोजले तर आठ आठवडे, आणि गर्भ दिसत होता आठ आठवडे पाच दिवसांचा. मी लगेच म्हटलं, पुढे कसा? ती म्हणाली, चार-पाच दिवस इकडेतिकडे होतातच, आणि यावरून बाप कोण ते मी सांगू शकत नाही. पण आपला हिशोब महिन्याची पाळी धरून असतो. हिचं बीज लवकर सुटलं, म्हणून गर्भ पुढे. सून सांगते त्याच्याशी हे अगदी जुळतं. नंतर राहिला असता तर मागे दिसला असता.

मला रडूच आलं. बाहेर बाकड्यावर बसून मी तिचा हात धरला आणि चुकले गं, असं म्हटलं.

ती म्हणाली, "आई, माझी पाळी महिन्यानं येणारी असती तर?"

 

रविवारी मुलाला मी आनंदाची बातमी दिली, बाकीचं गिळलं. नात आता दुडूदुडू पळते. सुनेला मी सांगितलं, बाई, यापुढे बाजूला बसायचं नाही. ती बसत नाही. माझं सगळं नीट करते, औषधं हातात आणून देते. पण पाळी कधी येते, कधी जाते, पोटात दुखतं की नाही, यातलं एक अक्षर ती मला सांगत नाही.