साठाव्या मिनिटाची नोंद

गुरुवारी दुपारी मी स्टाफरूममध्ये एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची रेकॉर्ड्स तपासत बसले होते. प्रयोगवहीला आमच्या हैदराबादेत रेकॉर्डच म्हणतात. सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते आणि त्याआधी प्रत्येक प्रयोगाखाली माझी सही व्हायला हवी होती. विभागप्रमुख सर दोनदा दारातून डोकावून गेले होते.

शेवटचा प्रयोग साखरेच्या अपघटनाचा होता. साखरेच्या द्रावणात आम्ल मिसळलं की साखरेचे हळूहळू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. साखर प्रकाशाला उजवीकडे वळवते, हे मिश्रण शेवटी डावीकडे वळवतं. म्हणून डार्करूममध्ये, हे वळणं मोजणाऱ्या पोलॅरिमीटरच्या नळीत द्रावण भरून दर काही मिनिटांनी कोन वाचायचा. सुरुवातीला तो अधिक तेराच्या आसपास असतो, मग उतरत उतरत शून्यावर येतो आणि उण्यात जातो. नळीभोवतीच्या जॅकेटमधून तीस अंशांचं पाणी फिरत ठेवायचं. या कोनांवरून अभिक्रियेचा वेग, म्हणजे k, काढायचा. त्या वर्गाला हा प्रयोग समजावताना मी फळ्यावर लिहून दिलं होतं की k दर मिनिटाला ०.०२४ ते ०.०२८ यायला हवा. विद्यार्थ्यांना कुठे पोचायचंय हे माहीत असलेलं बरं, असं मला तेव्हा वाटायचं.

सहा जोड्यांची रेकॉर्ड्स झाली. सगळ्यांचा k ०.०२६च्या अलीकडे-पलीकडे, आलेख पट्टीने ओढल्यासारखे सरळ. सातवं रेकॉर्ड कुकटपल्लीहून येणाऱ्या एका मुलीचं होतं. आईवडील पुण्याचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. वर्गात माझ्याशी मराठी बोलणारी ती एकटीच. तिची जोडीदार आजारी पडल्यामुळे हा प्रयोग तिने एकटीने केला होता. तिचा k होता ०.०१०४.

मी तक्ता पाहिला. साठाव्या मिनिटाला इतरांचा कोन शून्याच्या खाली उतरला होता. हिचा अजून अधिक ५.४ होता. सुरुवातीचा कोन मात्र इतरांइतकाच, आणि मिश्रण तासभर गरम पाण्यात ठेवून, थंड करून घेतलेला शेवटचा कोनही तोच, उणे ३.७. निघण्याचं ठिकाण तेच आणि पोचण्याचंही तेच, फक्त वाटेत ही अर्ध्याहून अधिक मागे. सुरुवातीचा कोन बरोबर म्हणजे साखरेचं वजन चुकलेलं नाही. मग उरलं तापमान. मी तिला बोलावून घेतलं.

ती आली तेव्हा स्टाफरूममध्ये आणखी दोघं-तिघं होते. मी आवाज खाली ठेवला नाही.

"तू जॅकेटमधून पाणी सोडलंच नव्हतंस. तापमानाचा रकाना नंतर भरलास."

तिने नकारार्थी मान हलवली. दर दहा मिनिटांनी थर्मामीटर वाचल्याचं तिने सांगितलं. मी म्हणाले की तीस पूर्णांक शून्य, तीस पूर्णांक एक असे आकडे कोणालाही लिहिता येतात. माझ्यापुढे सहा रेकॉर्ड्स आहेत, सगळ्यांची एकाच बाटलीतल्या आम्लाने केलेली, मग चूक कोणाची मानायची? आणि मी तिच्या निकालाच्या ओळीवर लाल पेनाने आडवी रेघ मारली.

तिने रेकॉर्ड उचललं, दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"मॅडम, त्या दिवशी डार्करूमचा एसी बंद होता. रूमच तेहतीस डिग्री होती. मी पाणी सोडलं नसतं तर रिअॅक्शन फास्ट झाली असती ना? स्लो कशी होईल?"

मी म्हटलं, उद्या बघू.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. आमच्या काचीगुड्याच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी चालत आली आहे, आणि मी एका मुलीला चार लोकांसमोर खोटारडी ठरवून आले होते. तिचा प्रश्न साधा होता आणि अचूक होता. तीस अंशांच्या आसपास पाच अंशांनी या अभिक्रियेचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. तिच्या आकड्यांसाठी नळी चोवीस अंशांच्याही खाली असायला हवी होती, आणि मार्च महिन्यात एसी बंद असलेल्या त्या कोंदट खोलीत ते शक्यच नव्हतं. साखर नाही, तापमान नाही. आम्ल तेवढं राहिलं होतं. पण आम्ल कमी पडलं असेल, तर उरलेल्या सहा जोड्यांचे आकडे आले कुठून? ते मला कळत होतं, फक्त मान्य करवत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी आठला मी प्रयोगशाळा उघडून घेतली. तीच बाटली, चिठ्ठीवर आम्लाची ताकद लिहिलेली, दोन नॉर्मल. वीस टक्के साखरेचं द्रावण आणि तेवढंच आम्ल मिसळलं, घड्याळ लावलं, नळी भरली, पाणी फिरतंय याची खात्री केली आणि सोडियमच्या पिवळ्या दिव्यासमोर बसले. भिंगातल्या दोन अर्ध्या चकत्या सारख्या उजेडात आणायच्या आणि कोन टिपायचा. तिसाव्या मिनिटाला अधिक ८.७. इतरांच्या तक्त्यांत या वेळी तो चारच्या आसपास होता. तरी उठले नाही. साठाव्या मिनिटाला अधिक ५.३. शून्य अजून बरंच लांब होतं.

मग ताकद मोजायला आम्ल दहापट पातळ करून प्रमाणित कॉस्टिक सोड्याशी टायट्रेशन केलं. ब्युरेटमधून वीस मिलिलिटर सोडा जायला हवा होता. दहाच्या जरा अलीकडेच फ्लास्क गुलाबी झाला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दोन नॉर्मल लिहिलेल्या त्या बाटलीत एकसुद्धा धड नव्हतं, ०.९८ होतं.

आमचे लॅब अटेंडंट चाचा निवृत्तीला आले आहेत. काच कधी फोडली नाही, असा माणूस. मी बाटली त्यांच्यासमोर ठेवली आणि विचारलं. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, ऍसिड आधाच बचा था. मैं आपकू पूछा था, पानी मिला के पूरा करूं क्या. आप फोन पे थे, बोले, चला लो."

मला आठवलं. कॉरिडॉरमध्ये मी कोणाशी तरी वेळापत्रकाबद्दल बोलत होते आणि चाचा समोर उभे होते. त्यांनी काय विचारलं ते मी ऐकलंही नव्हतं. हात हलवून हो म्हटलं होतं.

सरांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि दार लोटून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की परीक्षा तीन दिवसांवर आली आहे, सहा जोड्यांनी आकडे बनवले हे आता बाहेर काढलं तर प्रकरण वर जाईल, कॉलेजचं नाव जाईल आणि माझी नेमणूकही दरवर्षी नव्याने होते हे मी विसरू नये. त्या मुलीला एकटीला पुन्हा करायला सांगावं, नवीन आम्ल द्यावं, म्हणजे सगळं एकसारखं होईल. ते धमकी देत नव्हते. खरंच काळजीने बोलत होते, म्हणून जास्त भीती वाटली. मी म्हणाले की शनिवारी सगळ्यांकडून पुन्हा करून घेते, याच बाटलीने, आणि जबाबदारी माझ्या नावावर लिहून देते. शेवटी ते म्हणाले, लिहून द्या.

मधल्या सुट्टीत ती मुलगी प्रयोगशाळेबाहेर भेटली. मी तिला टायट्रेशनचे आकडे दाखवले आणि तिची माफी मागितली. ती आनंदेल, निदान सुटल्यासारखी दिसेल असं मला वाटलं होतं. तिने बॅगेतून घडी घातलेला कागद काढला.

"मी काल घरी जाऊन हे बनवलं होतं. आज फेअर करून तुम्हाला देणार होते."

नवा तक्ता होता. साठाव्या मिनिटाला उणे ०.२. आलेख सुंदर, k ०.०२६१. अक्षर तिचंच. मी तो कागद हातात धरून उभी राहिले. वर्गात एकच मुलगी खरं लिहीत होती आणि तिलाही मी एका दुपारीत हे शिकवलं होतं.

शनिवारी वर्गाला आधी माझं सांगितलं, आम्लाचं आणि फोनचं. मग विचारलं की अर्ध्या ताकदीच्या आम्लाने साठ मिनिटांत कोन उण्यात कसा गेला. कोणी वर पाहिलं नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलाने, वर्गात नेहमी पहिला येणाऱ्या, कबूल केलं की पहिली पंधरा मिनिटं वाचलं, कोन फारच हळू उतरत होता, म्हणून पुढचं मागच्या वर्षीच्या रेकॉर्डवरून घेतलं आणि मग सुरुवातही जुळवून घेतली. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"पण मॅडम, उत्तर तर तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतं."

तो उद्धटपणे बोलला नव्हता. मी म्हणाले, हो, मीच लिहिलं होतं, आणि ते चुकलं.

तीन पोलॅरिमीटर, सहा जोड्या. दोन पाळ्यांत दिवसभर काम चाललं. k आले ०.०१०१, ०.०१०७, ०.०१०४. एका जोडीचा ०.०११८ आला, त्यांनी पाणी मध्येच थांबल्याचं लिहिलं, मी तसंच राहू दिलं. आलेखांवरचे ठिपके रेषेच्या थोडे वर-खाली होते. निकालाखाली प्रत्येकाने आम्लाची टायट्रेशनने आलेली ताकद लिहिली आणि मिसळल्यावर ती निम्मी होते हेही.

सोमवारी परीक्षक आले. उंच, कमी बोलणारे गृहस्थ. दोन-तीन रेकॉर्ड्स चाळली आणि k सगळीकडे इतका कमी का, म्हणून विचारलं. मी उठून सांगायला लागले, तर त्यांनी हातानेच मला थांबवलं आणि तोंडी परीक्षेला समोर बसलेल्या त्या मुलीकडे वळले. मी भिंतीशी उभी होते. सर दारात.

ती म्हणाली, आम्ल अर्धं होतं, म्हणून. पण वेग अर्ध्याहूनही थोडा कमी आला आहे, कारण एवढ्या तीव्र द्रावणात तो आम्लाच्या अगदी प्रमाणात वाढत नाही.

परीक्षकांनी विचारलं, वेग जर साखरेवर, पाण्यावर आणि आम्लावर, तिन्हींवर अवलंबून आहे, तर याला पहिल्या कोटीची, म्हणजे एकाच पदार्थावर वेग ठरणारी, अभिक्रिया कशी म्हणतेस?

ती म्हणाली, "खरी पहिल्या कोटीची नाहीच, सर, तशी दिसते. पाणी इतकं जास्त आहे की साखर संपली तरी ते कमी झाल्याचं जाणवत नाही. आम्ल वापरलं जातच नाही, सुरुवातीला जेवढं तेवढंच शेवटी. दोन्ही न बदलणारे, म्हणून दोन्ही k मध्येच येतात. आम्ही आम्ल बदललं, म्हणून आमचा k बदलला."

त्यांनी मान डोलावली आणि तिच्या रेकॉर्डचं पान उलटलं. लाल रेघ समोर आली. ही कोणी मारली, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मी. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, रेघेखाली मी शुक्रवारी लिहिलेला, हा निकालच बरोबर असल्याचा, खुलासा वाचला, त्याच्याखाली सही केली आणि पुढच्या मुलाला आत बोलवायला सांगितलं.