चेहरा नको, नाव नको

वालूरच्या राजेश्रीचं शिवणकाम जगावेगळं. ऑपरेशनमध्ये छाती काढावी लागलेल्या बायांसाठी ती ब्लाऊज शिवते. आत खिसा, खिशात कापसाची गादी, वजनाला मोहरीची पुरचुंडी. बाहेरून कुणाच्या बापाला कळायचं नाही.

झरीच्या चतुराबाई ऑपरेशनपासून उंबऱ्याबाहेर आल्या नव्हत्या. "लोक बघत्यात," म्हणायच्या. राजेश्रीने फोनवर कितीदा समजावलं, पण ऐकायला तयार नाहीत. शेवटी कॉलेजात शिकणारी भाची प्राची म्हणाली, "मावशे, तुझं कशाला ऐकतील? ज्या बाया घालायल्यात त्यांचे व्हिडिओ दाखव."

प्राचीने लगोलग राजेश्रीच्या सगळ्या गिऱ्हाईक बायांचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला आणि मेसेज टाकला: 'ब्लाऊज आवडलं असेल तर एक मिनिटाचा व्हिडिओ पाठवा. आधी नाव-गाव सांगा, मग अडचण काय होती, आता काय फरक पडला.'

व्हिडिओ एकही आला नाही. बाया मात्र एकामागून एक ग्रुप सोडून गेल्या.

"नमकहराम सगळ्या!" राजेश्रीने कात्री आपटली. "लग्नाला जायचं म्हणून रात्रीतून शिवून घेत्यात, अन् दोन शब्द बोलायला जीभ झडती?"

तेवढ्यात सेलूहून सुमंगलाताईंचा फोन. शाळेत क्लार्क, बोलणं मोजकं. "राजेश्री, माझा नंबर त्या ग्रुपात सगळ्यांना दिसला. माझ्या सासूलासुद्धा हे माहीत नाही. तुझ्याकडं मी आले कशासाठी?"

राजेश्रीला उमगलं. कुणाला कळू नये, हेच तर ती विकत होती. आणि तेच तिने चव्हाट्यावर मांडायला सांगितलं होतं.

"चुकलं, ताई," एवढंच ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून सहसा निघत नाही.

तिने ग्रुप मोडायला लावला. दुसरा मेसेज तिने स्वतः सांगितला, प्राचीने लिहिला आणि प्रत्येकीला वेगळा पाठवला:

'ताई, हा निरोप फक्त तुम्हाला. चेहरा नको, नाव-गाव नको. फोन कशाला तरी टेकवा, पाठमोऱ्या बसा. अर्धा मिनिट पुरे. हे ब्लाऊज घालून पहिल्यांदा कुठं गेलात? कोणतं काम सोपं झालं? घरात बसलेल्या बाईला काय सांगाल? तुम्ही हो म्हणाल त्याच बाईला दाखवीन. मन नसेल तर पाठवू नका, राग नाही.'

दोन दिवसांनी एकच व्हिडिओ आला, येलदरीच्या तानुबाईंचा. पाठमोरी बाई, डोक्यावर सरपणाचा भारा. "पुतणीच्या हळदीला गेल्ते. नाचले बी. गादी सरकत न्हाई, माय. घरात बसून काय अंडी उबवायलीस का?"

राजेश्री हसता हसता डोळे पुसू लागली. तानुबाईंना विचारूनच तिने तो झरीला पाठवला.

संध्याकाळी चतुराबाईंचा फोन आला. "माप घ्यायला तुमीच या ना इकडं."

'येते' हा शब्द राजेश्रीच्या ओठांवर आला होता. तिने तो गिळला.

"न्हाई. तुमीच यायचं."

चतुराबाई म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी नगं. लय गर्दी असती. दुसऱ्या दिवशी येते."