तेव्हाचं राज्य, आताची यादी

आमच्या चरित्रकोशाच्या कार्यालयात जन्मस्थळांवर हुकूम चालायचा तो संपादककाकांचा. पाठीमागे आम्ही त्यांना ‘तेव्हाचे’ म्हणायचो. कुणीही नोंद पुढे केली की चष्मा कपाळावर सारून विचारायचे, “हे आताचं झालं. तेव्हाचं काय?” माणूस जन्मला त्या दिवशी गाव ज्या राज्यात होतं ते राज्य आधी, आता ते गाव कुठल्या देशात आहे, ते कंसात. मी मुद्रितं तपासायचे आणि कपाळाला हात लावायचे. पण त्यांची नोंद चुकलेली मी कधी पाहिली नाही.

मग कोश संगणकावर गेला, त्याचं संकेतस्थळ झालं. जन्मस्थळासाठी आली एक तयार यादी, त्यातून देश निवडायचा. यादीत फक्त आजचे देश! आमच्या भागातलं जुनं राज्य मोडून दोन देश झालेले, ते यादीत कुठून असणार? काकांनी तक्रार केली. संगणकवाला म्हणाला, “काका, यादी बाहेरून येते, माझ्या हातात नाही. तुम्ही टिपेत लिहा ना.” काकांनी लिहिलं. ती टीप बटण दाबल्याशिवाय दिसायचीच नाही. आणि दाबतंय कोण, डोंबल!

त्यातच नगरपालिकेनं नवं सभागृह आमच्या शहरातल्या व्हायोलिनवाल्या आजींच्या नावानं करायचं ठरवलं. नव्वदी ओलांडलेली बाई, लहानपणापासून इथेच वाढलेली. अट एकच, जन्म आपल्या देशातला हवा. त्यांचं गाव नदीपलीकडे. त्या जन्मल्या तेव्हा नदीचे दोन्ही काठ एकाच राज्यात होते. आमच्या संकेतस्थळावर मात्र दिसत होता नुसता शेजारचा देश.

आजींचा फोन मीच घेतला. “अगं, मी परकी कधी झाले? मला कुणी कळवलंसुद्धा नाही.” हसत होत्या. मला रडू आलं.

काका कोशाचा छापील खंड बगलेत मारून नगरपालिकेत गेले, मीही सोबत. तिथल्या कारकुनानं पान वाचलं, मग पडद्याकडे बोट केलं. “हे संकेतस्थळ तुमचंच ना?”

“आमचंच.”

“मग आधी तुमचं एक काय ते ठरवा.”

“अहो, जन्मस्थळ म्हणजे नागरिकत्व नव्हे! आणि त्या दिवशी नदीपलीकडचं ते गाव आणि हे शहर एकाच राज्यात होतं.”

“असेल हो. पण आमच्याही अर्जात देश यादीतूनच निवडायचा असतो.”

काकांनी खंड पुन्हा बगलेत मारला. इतका हुकूम चालवणारा माणूस, पण परतीच्या वाटेवर रस्ता ओलांडतानाही मलाच हात धरावा लागला. पुढे त्यांनी अर्ज केले, विनंत्या केल्या, नगराध्यक्षांचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले. सभागृहाला कुणा दुसऱ्याचं नाव लागलं.

त्यानंतर काही दिवसांतच आजी गेल्या. वर्तमानपत्रांनी आमचीच नोंद उचलली: ‘परदेशात जन्मलेल्या’.

नोंद पुरी करायला काका संगणकासमोर बसले. मृत्यूचं ठिकाण. त्यांनी यादी उघडली आणि आपला देश लगेच सापडला.